पडद्यावर टिकल्या, लुकलुक आणि अचानक काळोख: दोष केबलचा, पोर्टचा की हँडशेकचा?

फोंडा आणि आसपासच्या गावांत टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग बॉक्स जोडून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यात एचडीएमआय जोडणीच्या तीन तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येतात: चित्रावर चमकणारे ठिपके, चित्राची लुकलुक आणि अधूनमधून काही सेकंद पूर्ण काळा पडदा. या तिन्हींवर लोक सरसकट नवी केबल विकत आणतात. कधी तो उपाय लागू पडतो, पण पुष्कळदा पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. म्हणून दोष कुठे आहे हे खर्च करण्यापूर्वी कसे ओळखावे, एवढ्याच विषयावरचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

पडद्यावर टिकल्यांसारखे ठिपके चमकतात, ते नेमके काय असते?

एका क्षणापुरता उमटून नाहीसा होणारा आणि दर वेळी वेगळ्या जागी दिसणारा ठिपका म्हणजे चित्रातल्या एखाद्या बिंदूची माहिती वाटेत चुकलेली असते. एचडीएमआयच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे 2.0 पर्यंतच्या आवृत्त्यांत, चित्राच्या माहितीसाठी चूक दुरुस्त करण्याची कोणतीही सोय नाही. शून्याऐवजी एक पोहोचला तर टीव्ही त्यालाच खरे मानतो आणि तो बिंदू भलत्याच रंगात दाखवतो. पुढच्या फ्रेममध्ये त्या जागेची माहिती बरोबर आली की ठिपका जातो.

हे प्रमाण किती लहान असू शकते ते पाहण्यासारखे आहे. 4K चित्र सेकंदाला 60 फ्रेमने पूर्ण रंगांसह पाठवताना तारांतून सेकंदाला सुमारे 18 अब्ज बिट जातात. अब्जात एक बिट चुकला, तरी सेकंदाला अठरा चुका होतात. म्हणजे केबल जवळजवळ चांगली असतानाच टिकल्या दिसू लागतात. म्हणून टिकल्या हे माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी लक्षण आहे, कारण ते जवळपास नेहमी एकाच दिशेने बोट दाखवते: वेगवान माहिती नेणाऱ्या तारा किंवा त्यांची टोके.

केबल एकच असताना एक दोष टिकल्यांचा आणि दुसरा काळ्या पडद्याचा, असे का होते?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सगळी तपासणी उभी आहे, म्हणून ते थोडे सविस्तर देतो. एचडीएमआयच्या टोकाला 19 पिना असतात आणि त्या सगळ्यांचे काम सारखे नसते. त्यांतल्या बारा पिना चार वेगवान जोड्यांच्या आहेत: जुन्या पद्धतीत तीन जोड्या चित्र आणि ध्वनी नेतात आणि चौथी घड्याळाचा ठोका देते. या जोड्यांवरून जाणारा संकेत अतिशय जलद असतो, आणि केबल लांब, वळवलेली किंवा हलक्या प्रतीची असली की पहिला परिणाम यांच्यावरच होतो.

उरलेल्यांत काही संथ तारा आहेत. दोन तारांवरून टीव्ही स्वतःची माहिती बॉक्सला सांगतो, म्हणजे मी कोणते चित्र दाखवू शकतो हे कळवतो, आणि त्याच दोन तारांवरून कॉपी-संरक्षणाची, म्हणजे एचडीसीपीची, ओळख पटवली जाते. या ओळख पटवण्यालाच हँडशेक म्हणतात. एका तारेवरून बॉक्स टीव्हीला पाच व्होल्ट देतो, आणि 19 क्रमांकाच्या पिनेवरून टीव्ही 'मी जोडलेला आहे' एवढेच सांगतो. या पिनेवरचा संकेत सेकंदाच्या दहाव्या भागापुरता जरी खाली गेला, तरी टीव्ही काढून पुन्हा लावल्यासारखे बॉक्सला वाटू शकते. तो सगळी बोलणी पहिल्यापासून सुरू करतो आणि तोवर पडदा काळा राहतो.

म्हणजे वेगवान जोड्यांत बिघाड असला तर टिकल्या येतात आणि तो वाढला तर चित्र तुटते, आणि संथ तारांत बिघाड असला तर चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असते आणि मग एकदम नाहीसे होते. हँडशेकचा दोष ही केबलपासून वेगळी गोष्ट आहे अशी समजूत असते, पण हँडशेकही त्याच केबलच्या बारीक तारांवरून होतो, हे ध्यानात ठेवावे.

पूर्ण पडदा मुंग्या आल्यासारखा होतो. त्यालाही टिकल्या म्हणायचे का?

नाही, हे वेगळे लक्षण आहे. टिकल्यांमध्ये चित्र ओळखू येते आणि त्यावर ठिपके विखुरलेले असतात. पूर्ण पडदा रंगीत कणांनी भरून जातो आणि खालचे चित्र मुळीच ओळखू येत नाही, तेव्हा संकेत पोहोचतो आहे पण टीव्हीला तो उलगडता येत नाही असा अर्थ होतो. एचडीसीपीत बॉक्स चित्र कुलूपबंद करून पाठवतो आणि दोन्ही टोकांची किल्ली फ्रेमगणिक जुळून चालावी लागते. ती जुळणी सुटली की असे मुंग्यांचे चित्र दिसते, आणि थोड्याच वेळात बॉक्सच्या ते ध्यानात येऊन तो पुन्हा हँडशेक करतो.

एचडीसीपीच्या जुन्या, 1.x प्रकारात ही तपासणी दर 128 फ्रेमनी होते. सेकंदाला 60 फ्रेम असल्या तर ती सुमारे दोन सेकंदांनी येते, 24 फ्रेमच्या चित्रपटात सुमारे सव्वापाच सेकंदांनी. नव्या 2.2 प्रकारात बॉक्स टीव्हीची स्थिती सेकंदातून किमान एकदा वाचतो. त्यामुळे काळा पडदा घड्याळ लावल्यासारखा ठरावीक अंतराने येत असेल, तर मी कॉपी-संरक्षणाचा संशय आधी घेतो. वाटेल तेव्हा, कधी तीन मिनिटांनी तर कधी तासाने येत असेल, तर आधी तारा आणि पोर्ट पाहतो.

लुकलुक होते तेव्हा तपासणी कुठून सुरू करावी?

आधी रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू टीव्ही आपल्या आतच तयार करतो, केबलमधून आणत नाही. चित्राबरोबर मेनूही लुकलुकत असेल, तर दोष पॅनेलचा, मागच्या दिव्यांचा किंवा टीव्हीच्या वीजपुरवठ्याचा आहे आणि केबल बदलून काहीच साधणार नाही. मेनू स्थिर राहून मागचे चित्रच हलत असेल तर पुढची तपासणी करावी. गेमिंग कन्सोलवर बदलता फ्रेमदर चालू असताना अंधाऱ्या दृश्यांत उजेड किंचित थरथरतो. तो अनेक पॅनेलांचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

दुसरी खूण आवाजाची आहे. एचडीएमआयमध्ये ध्वनी चित्राबरोबर त्याच तारांतून येतो. टीव्हीच्याच स्पीकरमधून आवाज न अडखळता चालू आहे आणि फक्त पडदा काळा आहे, तर जोडणी तुटलेली नाही, बिघाड टीव्हीच्या आत आहे. साउंडबार किंवा रिसीव्हर मध्ये असेल तर हीच खूण अधिक बोलकी होते. बॉक्सपासून रिसीव्हरपर्यंत एक केबल आणि तिथून टीव्हीपर्यंत दुसरी अशी रचना असताना चित्र जाऊनही रिसीव्हरचा आवाज टिकला, तर पहिला टप्पा ठीक आहे आणि दोष दुसऱ्या टप्प्यात शोधावा.

तिसरी गोष्ट, पडदा काळा असतानाच रिमोटवरचे माहितीचे बटण दाबून पाहावे. टीव्ही `No Signal` म्हणत असेल तर संकेतच पोहोचत नाही. पडदा काळा, पण कोपऱ्यात चित्राचे मोजमाप व्यवस्थित दिसते, तर संकेत पोहोचला आहे आणि बहुधा संरक्षणापायी अडवला गेला आहे.

केबलचा दोष आणि हँडशेकचा दोष यांत फरक करणारी एकच चाचणी सांगा.

चित्राचा भार कमी करून पाहणे ही ती चाचणी, आणि तिला एक पैसाही लागत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन 4K 60 ऐवजी 4K 30 किंवा 4K 24 निवडा. 4K 60 ला पूर्ण रंगांसह, आठ बिटांच्या खोलीने, सुमारे 17.8 गिगाबिट लागतात. 4K 30 ला त्याच्या निम्मे, सुमारे 8.9. 1080p ला 60 फ्रेमने साधारण साडेचार गिगाबिट पुरतात. केबल जेमतेम असेल तर भार निम्मा होताच टिकल्या पूर्ण जातात, कारण केबलमधली गळती संकेताच्या वेगाबरोबर वाढत जाते. संथ तारांचा वेग मात्र चित्र बदलल्याने बदलत नाही. म्हणून भार कमी करूनही काळा पडदा तितक्याच वेळा येत राहिला, तर वेगवान जोड्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण 1080p वर आणल्यावर काळा पडदा बंद झाला. मग केबलच खराब, असे धरावे ना?

इथेच अनेक जण फसतात, सुरुवातीला मीही फसत असे. 1080p वर आल्याने दोन गोष्टी एकदम बदलू शकतात. तारांवरचा भार कमी होतो, आणि संरक्षणाची अटही सैल होऊ शकते: संरक्षित 4K कार्यक्रमाला एचडीसीपी 2.2 लागते, 1080p ला बहुतेक ठिकाणी जुने 1.4 चालते. मध्ये बसवलेला जुना रिसीव्हर किंवा एका बॉक्सचे चित्र अनेक टीव्हींना वाटून देणारा स्प्लिटर 2.2 ओळखत नसेल, तर 4K काळे आणि 1080p ठणठणीत असे दृश्य दिसते आणि केबल विनाकारण बदलली जाते.

म्हणून थेट 1080p वर उडी न मारता आधी 4K 30 वर थांबावे. तिथे चित्र अजूनही 4K आहे, संरक्षणाची अट तीच आहे, फक्त भार निम्मा झाला आहे. 4K 30 वर दोष गेला तर केबल किंवा पोर्टाच्या वेगवान पिना. 4K 30 वर तसाच राहिला आणि 1080p वर गेला, तर संशय संरक्षणाकडे वळतो. तिन्हींवर सारखाच राहिला तर पोर्ट, संथ तारा किंवा पाच व्होल्टांचा पुरवठा तपासावा.

कॉपी-संरक्षण बाजूला काढून तपासता येते का?

येते. लॅपटॉप टीव्हीला जोडून त्यावर स्वतःच्या फोटोंचा संच किंवा स्वतः काढलेला व्हिडिओ तासभर चालू ठेवावा. अशा चित्रासाठी लॅपटॉप सहसा संरक्षण लावत नाही, त्यामुळे तिथेही पडदा काळा झाला तर एचडीसीपी निर्दोष ठरते. स्ट्रीमिंग बॉक्सचा मुख्य मेनू या कामाला वापरू नये, कारण अनेक बॉक्स जोडणी होताच संरक्षण सुरू करतात आणि ते मेनूवरही चालूच असते. घरात प्लेस्टेशन 5 असेल तर काम आणखी सोपे होते: `Settings`, `System`, `HDMI` या मार्गाने जाऊन `Enable HDCP` बंद करता येते. मग चित्रपटांची काही ॲप चालणार नाहीत, पण खेळ चालतील, आणि त्या अवस्थेत दोष राहतो की जातो हे पाहता येईल.

पडद्यावर एचडीसीपीचा संदेश येतो. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

संदेश खरा असतो, पण दोष कुठे लक्षात आला एवढेच तो सांगतो. तो कुठे उद्भवला हे सांगत नाही. 19 क्रमांकाच्या पिनेचा संपर्क क्षणभर सुटला की हँडशेक मोडतो, बॉक्स पुन्हा प्रयत्न करतो, तो प्रयत्न अर्धवट राहतो आणि बॉक्स संरक्षणाचा संदेश देतो. मुळात मात्र सैल झालेला पोर्ट असतो. पुढचा प्रसंग याच कारणासाठी देत आहे.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या चिरेबंदी घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर 4K टीव्ही होता आणि स्ट्रीमिंग बॉक्स शेजारच्या खोलीतल्या कपाटात. दोन्हींमध्ये भिंतीतल्या पाइपातून दहा मीटरची साधी तांब्याची केबल नेलेली होती. तक्रार दुहेरी होती: चित्रपटातल्या काळोख्या दृश्यांत टिकल्या दिसत, आणि संध्याकाळी चार-पाच वेळा पडदा काळा होऊन कधीकधी संरक्षणाचा संदेश येई. घरातल्या सर्वांनी तो बॉक्सचा दोष ठरवला होता आणि चतुर्थीला पाहुणे येण्यापूर्वी नवा बॉक्स आणायचे नक्की केले होते.

मी त्यांना दोन दिवस एका वहीत वेळ टिपायला सांगितली: काय दिसले, किती सेकंद, त्या वेळी पडद्यावर काय चालू होते. या वहीनेच अर्धे काम केले. टिकल्या 4K वर सतत होत्या, काळोखाशी त्यांचा संबंध दिसत नव्हता. काळा पडदा तीन-चार सेकंद टिके, अनियमित येई, आणि त्याआधी टिकल्या वाढत नसत. दोन लक्षणांची एकमेकांशी गाठ नव्हती, म्हणून दोष दोन असावेत असे मला वाटले.

मग बॉक्स 4K 30 वर आणला. टिकल्या पूर्ण थांबल्या, काळा पडदा मात्र त्याच संध्याकाळी दोनदा आला. 1080p वरही तो आलाच. दुसऱ्या दिवशी बॉक्स टीव्हीपाशी आणून दीड मीटरच्या केबलने त्याच पोर्टात लावला आणि पुन्हा 4K 60 केले. टिकल्या नव्हत्या, म्हणजे दहा मीटरची केबल त्या वेगाला पुरी पडत नव्हती हे पक्के झाले. पण काळा पडदा तासाभरात पुन्हा आला. बॉक्सच्या जागी लॅपटॉप लावला आणि घरच्यांचे फोटो चालू ठेवले. पाऊण तासाने फोटोंवरही पडदा काळा झाला. इथे बॉक्स आणि संरक्षण, दोघेही सुटले. शेवटी तीच केबल आणि तोच लॅपटॉप शेजारच्या पोर्टात लावला. पूर्ण संध्याकाळ काहीही झाले नाही.

टॉर्च घेऊन पहिल्या पोर्टात पाहिले, तर आतल्या जिभेच्या एका कडेला हिरवट डाग होता आणि सॉकेट किंचित खाली झुकलेले होते. जाड केबलचे वजन कित्येक महिने त्या एका पोर्टावर लोंबत होते. टीव्हीचा प्लग काढून पोर्ट साफ केला तर दोन आठवडे बरे गेले आणि दोष परत आला. तेव्हा तो पोर्ट सोडून दिला, दुसऱ्या पोर्टात जोडणी केली, केबलला भिंतीवर आधार दिला आणि दहा मीटरची केबल बदलून वेगवान संकेत प्रकाशाने नेणारी ऑप्टिकल केबल ओढली. बॉक्स जुनाच राहिला.

पोर्ट खराब आहे हे इतर कोणत्या खुणांनी कळते?

तीच केबल आणि तोच बॉक्स ठेवून फक्त टीव्हीचा पोर्ट बदलल्यावर दोष गेला, तर पोर्ट दोषी. फक्त एक सावधगिरी बाळगावी: अनेक टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात. एक-दोन पोर्टच पूर्ण वेग घेतात, आणि तो वेगही मेनूत चालू करावा लागतो. त्या पर्यायाचे नाव टीव्हीनुसार `Input Signal Plus`, `HDMI Deep Colour` किंवा `HDMI signal format` असे काहीतरी असते. तो बंद असलेल्या पोर्टात टिकल्या नाहीत म्हणून तो पोर्ट चांगला असा निष्कर्ष काढला, तर आपण नकळत कमी भाराची चाचणी केलेली असते. दोन्ही पोर्टांवर हा पर्याय सारखा ठेवूनच तुलना करावी.

प्लगाजवळ केबल बोटाने हलकेच हलवून चित्र जाते का तेही पाहावे. जोर लावू नये. टीव्ही थंड असताना सगळे ठीक आणि अर्ध्या तासाने गरम झाल्यावर चित्र तुटू लागते, असे असेल तर पोर्टाच्या सोल्डरला तडा असण्याची शक्यता वाढते. मे महिन्यातल्या आणि पाऊस परततानाच्या विजांनंतर एकच पोर्ट अचानक बिघडला, तर त्यामागची चिप गेलेली असू शकते. डिशची तार सेट-टॉप बॉक्सपर्यंत आणि तिथून एचडीएमआय टीव्हीपर्यंत जाते, त्यामुळे ज्या पोर्टात सेट-टॉप बॉक्स असतो तोच बहुधा बळी पडतो. गडगडाट सुरू झाला की डिशची तार काढून ठेवावी.

समुद्राजवळच्या घरांत हा त्रास जास्त का?

खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने टिकणारी दमट हवा यांमुळे. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि तो झिजल्या जागी खालचा धातू गंजतो. याची ओळख सोपी आहे: प्लग चार-पाच वेळा काढून घातल्यावर दोष काही दिवस जातो आणि मग परत येतो, कारण घासल्याने संपर्क तात्पुरता स्वच्छ होतो. साफसफाई करताना दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा संपर्क साफ करण्याचा स्प्रे वापरावा आणि पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश पेपर किंवा सुई कधीही वापरू नये. उरलासुरला मुलामा त्याने जातो.

विहिरीवरचा पंप किंवा फ्रीज चालू झाला की पडदा क्षणभर काळा होतो. याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि घरातले वडीलधारे हे सांगतात तेव्हा ते उडवून लावू नये. मोठी मोटर चालू-बंद होताना वीजवाहिनीत आणि हवेत क्षणिक धक्का उमटतो. केबलचे कवच हलके असेल किंवा टीव्ही आणि बॉक्स वेगवेगळ्या अर्थिंगवर असतील, तर तो धक्का टीव्हीची संकेतावरची पकड सोडवायला पुरेसा होतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर आणून पाहावीत आणि डिशची तार थोडा वेळ काढून फरक पडतो का ते बघावे. एप्रिल-मेमध्ये चिऱ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून उन्हाळ्यातच त्रास वाढत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. त्रास जावा म्हणून प्लगाची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो अजिबात करू नये. तो जिवावर बेतू शकतो.

शॅकमध्ये एका बॉक्सवर चार टीव्ही आहेत. फुटबॉलची मॅच रंगात आली की चारही एकदम काळे होतात, हे का?

स्प्लिटर हा संरक्षणाच्या दृष्टीने मध्यस्थ असतो. आपल्यामागे कोणकोणते टीव्ही आहेत याची यादी त्याला बॉक्सकडे द्यावी लागते. कोणी एक टीव्ही चालू किंवा बंद केला, किंवा एखादा आपोआप झोपी गेला, की यादी बदलते, बॉक्स पुन्हा ओळख पटवू लागतो आणि बाकीच्या टीव्हींवरही काळोख येऊ शकतो. म्हणून मॅचपूर्वी आधी सर्व टीव्ही चालू करावेत, मग स्प्लिटर, शेवटी बॉक्स, आणि टीव्हींची आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी.

एवढे करूनही थांबले नाही, तर एका टीव्हीची केबल किंवा पोर्ट सैल असून तोच सगळ्यांना खाली ओढत असतो. स्प्लिटरवरून एकेक टीव्ही काढून प्रत्येक वेळी अर्धा तास वाट पाहावी. ज्याला काढल्यावर उरलेले तीन शांत होतात, त्याची केबल तपासावी. त्या चौघांत एखादा जुना 1080p टीव्ही असेल, तर बॉक्सच 1080p वर ठेवणे शहाणपणाचे.

चित्रपट सुरू होताना आणि संपताना एकदाच काळा पडदा येतो. हाही दोष आहे का?

सहसा नाही. बॉक्समध्ये `Match Frame Rate` सारखा पर्याय चालू असला, की चित्रपटाच्या 24 फ्रेमसाठी जोडणी बदलली जाते आणि टीव्ही दोन-तीन सेकंद घेतो. पर्याय बंद करून पाहिल्यास खात्री होईल.

नवी केबल घ्यायचीच असेल तर कोणती?

केबलवर 'आवृत्ती 2.1' असे छापलेले असण्याला महत्त्व देऊ नये. 18 गिगाबिटसाठी `Premium High Speed` आणि 48 गिगाबिटसाठी `Ultra High Speed` हे प्रमाणित प्रकार आहेत, आणि त्यांच्या खोक्यावर स्कॅन करून पडताळता येणारे लेबल असते. साधी तांब्याची केबल 4K 60 साठी तीन मीटरपर्यंत निर्धास्त, पाच मीटरपर्यंत चांगल्या प्रतीची घ्यावी, असे मी सांगतो. त्यापुढे ऑप्टिकल केबल बरी, पण तिला दिशा असते: एका टोकावर बॉक्सचे आणि दुसऱ्यावर टीव्हीचे नाव लिहिलेले असते, आणि उलटी लावली तर चित्र येत नाही. ती बॉक्सच्या पाच व्होल्टांवर चालते, म्हणून कमजोर पुरवठ्याच्या लहान स्ट्रीमिंग स्टिकवर ती अधूनमधून चित्र सोडते. शिवाय अनेक ऑप्टिकल केबलींत संथ तारा तांब्याच्याच असतात, त्यामुळे टिकल्या गेल्या तरी हँडशेकचा दोष तिने जाईलच असे नाही.

नव्या कन्सोलवर टिकल्या कधीच दिसत नाहीत, थेट काळा पडदा येतो. मग केबल चांगली समजायची का?

नाही. एचडीएमआय 2.1 च्या नव्या पद्धतीत चुका दुरुस्त करण्याची सोय आहे. लहानसहान चुका आतल्या आत भरून निघतात, म्हणून टिकल्यांचा इशारा मिळत नाही. चुका सोयीच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्र एकदम तुटते. अशा वेळी 4K 120 वरून 4K 60 वर येऊन पाहावे. तिथे काळा पडदा थांबला तर केबल किंवा पोर्टाच्या वेगवान पिना कमी पडत आहेत.

दुरुस्तीवाले टीव्हीचा मुख्य बोर्डच बदलायला सांगतात. होकार द्यावा का?

त्याआधी त्यांच्या समोर दोन गोष्टी करून दाखवायला सांगावे: दुसऱ्या बॉक्सने आणि छोट्या केबलने त्याच पोर्टात दोष येतो, आणि त्याच जोडणीने दुसऱ्या पोर्टात तो येत नाही. असे दिसले तर बिघाड एकाच पोर्टाचा आहे. सॉकेट सैल झाले असेल तर तेवढे सॉकेट नव्याने सोल्डर करता येते किंवा बदलता येते, आणि दुसरा पूर्ण वेगाचा पोर्ट रिकामा असेल तर त्याचीही गरज नसते. सगळ्या पोर्टांवर, छोट्या केबलने आणि असंरक्षित चित्रावरही दोष येत असेल, तेव्हाच मुख्य बोर्डाची चर्चा करावी.